दस्तावरचा अंगठा कुणाचा?

जुलै महिना. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आयकर विवरणपत्र भरायला त्यांच्या मुलाने करसल्लागाराकडे कागद दिले. उत्पन्न साधेच होते, पेन्शन आणि मुदतठेवींचे व्याज. दोन दिवसांनी सल्लागाराचा फोन आला, “आईंनी फेब्रुवारीत प्लॉट विकला का? वार्षिक माहिती विवरणात एकोणपन्नास लाखांची विक्री दिसतेय.” आईंनी काहीच विकलेले नव्हते. पुण्यालगतच्या तालुक्यात 1996 साली घेतलेला चार गुंठ्यांचा एनए प्लॉट होता खरा, पण त्याचे मूळ खरेदीखत घरातल्या लोखंडी कपाटात जसेच्या तसे होते. संध्याकाळी मुलाने महाभूलेखवर सातबारा उघडला. आईचे नाव कंसात गेले होते आणि त्याखाली एका अनोळखी माणसाचे नाव आले होते.

ही गोष्ट कुणा एका कुटुंबाची नाही. अशा प्रकरणांच्या कागदांत पुन्हा पुन्हा जे दिसते, ते एकत्र करून हे उदाहरण मांडले आहे. या शिक्षिकेला आपण बाई म्हणू. बाईंना विक्रीचा सुगावा आयकर खात्यामुळे लागला, याचे नवल वाटायला नको. तीस लाख किंवा त्याहून अधिक रकमेचे खरेदीखत नोंदले गेले की नोंदणी खाते त्याची माहिती आयकर विभागाला कळवते. खोटा विक्रेता उभा करणाऱ्यांनी पॅन कार्डावरचा फोटो बदलला होता, पण क्रमांक बाईंचाच ठेवला होता. किंमत मात्र त्यांनी विचारपूर्वक पन्नास लाखांच्या आत ठेवली. पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराला एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरावा लागतो आणि त्याचा माग आणखी एका ठिकाणी राहतो.

अशा वेळी माणूस सातबाऱ्याचे प्रिंट घेऊन थेट पोलीस ठाण्यात धावतो. ठाणे अंमलदार ते पाहतात आणि म्हणतात, “बाई, हे दिवाणी मॅटर आहे. वकील लावा, कोर्टात जा.” हे उत्तर अनेकदा टाळाटाळीचे असते, हे मान्य. पण त्या क्षणी बाईंच्या हातात गुन्हा दाखवणारा एकही कागद नसतो, हेही तितकेच खरे. सातबाऱ्यावर नाव बदलले एवढ्याने कुणी काय खोटे केले ते कळत नाही. ते कळते दस्तातून. म्हणून पहिली धाव दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात.

सातबाऱ्यावर बदलाचा फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढला की नोंद कोणत्या दस्तावरून झाली, तो दस्त कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या तारखेला नोंदला गेला, हे कळते. त्या क्रमांकावरून सूची क्रमांक दोन आणि संपूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल मागायची. स्थावर मालमत्तेच्या नोंदणीचे पुस्तक क्रमांक एक हे सार्वजनिक असते. ठरलेली फी भरून कुणालाही त्याची नक्कल मिळते, त्यामुळे ‘तुमचा काय संबंध’ असे विचारून कुणी अडवू शकत नाही. नक्कल घेताना फक्त खरेदीखताची पाने घेऊन भागत नाही. दस्त गोषवारा भाग एक आणि दोन, जोडलेली ओळखपत्रे, मुद्रांक शुल्काचे चलन, असे पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे घ्यायचे.

नोंदणी अधिनियमाच्या कलम 32-अ प्रमाणे दस्तावर पक्षकारांचे फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर बसलेल्या प्रत्येकाचा फोटो कॅमेऱ्याने टिपला जातो, अंगठा यंत्रावर घेतला जातो आणि हे दोन्ही दस्त गोषवाऱ्यात छापले जाते. बाईंनी नक्कल उघडली तेव्हा त्यांच्या नावापुढे पन्नाशीच्या एका अनोळखी स्त्रीचा फोटो होता. शेजारी तिचा अंगठा, खाली इंग्रजीत सही. बाई आयुष्यभर मराठीत सही करत आल्या आहेत. पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, 1996 च्या खरेदीखतावर, सगळीकडे तीच सही आहे. ओळख पटवणारे दोन साक्षीदार होते. त्यांचीही नावे, पत्ते, फोटो आणि अंगठे होते. ‘लिहून देणार यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो’ असे म्हणून त्यांनी सह्या केल्या होत्या.

एवढे खोटे कागद समोर असताना दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला कसा, असा संताप बाईंच्या मुलाला आला. तो योग्यच आहे. पण नोंदणीचे काम नेमके काय, ते समजून घ्यायला हवे. समोर आलेला माणूस तोच आहे का, एवढे दुय्यम निबंधक ओळखपत्र आणि साक्षीदारांवरून पाहतो. जमीन खरोखर त्याच्या मालकीची आहे का, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. तमिळनाडूने मालकीचा पुरावा नसेल तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार देणारा एक नियम केला होता. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि विक्रेत्याच्या मालकीशी नोंदणी अधिकाऱ्याचा संबंध नाही, असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडे ‘रजिस्टर झालंय म्हणजे पक्कं’ असे सर्रास म्हटले जाते, आणि भामटे याच समजुतीवर जगतात.

नक्कल हाती आली की ज्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे, तो विचारायचा. दस्तावर सही करणाऱ्याने कुणाच्या नावाने सही केली? तुमच्या, की स्वतःच्या?

हा फरक अनेकांना, काही वकिलांनाही, शब्दांचा खेळ वाटतो. पण मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. तिथे आरोपीने दुसऱ्याच्या जमिनीचे खरेदीखत केले होते, पण ‘ही जमीन माझी आहे’ असे सांगून आणि स्वतःच्याच नावाने सही करून. न्यायालयाने म्हटले की हा खोटा दावा आहे, पण कायद्याच्या व्याख्येतला ‘खोटा दस्त’ नाही. सही करणाऱ्याने आपण दुसरे कुणी आहोत असे भासवलेले नाही. म्हणून बनावट दस्ताचे कलम इथे लागत नाही. फसवणुकीचे लागू शकते, पण ती तक्रार करायची खरेदीदाराने, कारण खोटे ऐकून पैसे त्याने दिले. मूळ मालकाला कुणी काही खोटे सांगून काही काढून घेतलेले नसते. त्याची जमीन कायद्याने त्याचीच राहते आणि त्याचा मार्ग मुख्यतः दिवाणी ठरतो. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा असताना भावाने स्वतःच्या सहीने ती सगळी विकली, अशी प्रकरणे गावोगाव आहेत. त्यांत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून हाती फारसे का लागत नाही, त्याचे कारण हे आहे. तिथेही वारस दाखवण्यासाठी खोटा दाखला किंवा बहिणीच्या नावाचे खोटे हक्कसोडपत्र बनवले असेल, तर गोष्ट बदलते. मग गुन्हा खरेदीखतात नसतो, त्या दाखल्यात किंवा हक्कसोडपत्रात असतो.

कुलमुखत्यारपत्राच्या प्रकरणांतही असेच. खरेदीखतावर मुखत्याराने स्वतःच्या नावाने, स्वतःचीच सही केलेली असते. तो दस्त पाहून काहीच हाती लागत नाही. खोटेपणा असतो त्याआधीच्या कुलमुखत्यारपत्रात, आणि ते बहुधा लांबच्या एखाद्या कार्यालयात नोंदलेले असते. तेव्हा त्याचीही नक्कल काढायची. मालक त्या तारखेआधी वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि कुलमुखत्यारपत्राची तारीख शेजारी ठेवली की पुरे.

बाईंच्या प्रकरणात उत्तर सरळ होते. दुसऱ्याच स्त्रीने ‘मी म्हणजे बाई’ असे म्हणून सही केली. हा तोतयेगिरी करून केलेला बनावट दस्त आहे आणि तो गंभीर गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिता. खरेदीखतासारखा मौल्यवान दस्त बनावट करण्याला नव्या संहितेचे कलम 338 लागते, जुने 467, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. तो खरा म्हणून वापरणे हे 340, जुने 471. तोतयेगिरी 319, फसवणूक 318, आणि सगळ्यांनी मिळून कट केला असेल तर 61. कलमे फिर्यादीने लावायची नसतात, ते काम पोलिसांचे. पण कोणते कलम कशावरून लागते हे माहीत असले की तक्रारीत काय लिहायचे ते कळते.

तक्रार कशी लिहायची यावर मी जरा थांबून सांगतो, कारण पुष्कळ प्रकरणे इथेच बिघडतात. ‘माझ्या मालकीहक्कावर गदा आली आहे, माझा ताबा अबाधित राहावा, नोंद रद्द व्हावी’ अशी वाक्ये तक्रारीत आली की ती वाचणाऱ्याला दिवाणी दाव्यासारखी दिसते. पोलिसांना हक्काचा निकाल देता येत नाही आणि फेरफारही रद्द करता येत नाही. त्यांना तपास करता येतो. म्हणून तक्रारीत घटना लिहायची. अमुक तारखेला, अमुक कार्यालयात, अमुक क्रमांकाचा दस्त नोंदला गेला. त्यावर माझ्या नावापुढे जो फोटो आणि अंगठा आहे तो माझा नाही. सही माझी नाही. जोडलेले आधार आणि पॅन माझे नाही. त्या दिवशी मी नाशिकमध्ये होते, त्याचा पुरावा असा. बाईंनी त्या सकाळी नाशिकच्या बँकेत पासबुक भरून पैसे काढले होते आणि दुपारी डोळे तपासायला गेल्या होत्या. दोन्हीचे कागद होते. तक्रारीसोबत त्यांनी 1996 च्या खरेदीखताची प्रत, नव्या दस्ताची प्रमाणित नक्कल, आणि आपली जुनी सही असलेले, वादाच्या आधीचे तीन कागद जोडले. सहीचा नमुना वादानंतर करून दिलेला असेल तर त्याला फारसे वजन नसते. वीस वर्षांपूर्वी बँकेत केलेल्या सहीला असते.

तक्रारीत आरोपी म्हणून कुणाचे नाव घालायचे? राग येतो तो ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले त्या खरेदीदाराचा. पण त्याने एकोणपन्नास लाख दिले असतील आणि तोही फसला असेल, तर या प्रकरणात तोच सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरतो. जागा कुणी दाखवली, बैठक कुठे झाली, मध्यस्थ कोण होता, पैसे कुणाच्या सांगण्यावरून कुठे भरले, हे त्यालाच ठाऊक असते. मात्र किंमत रेडी रेकनरच्या जवळपास किंवा बाजारभावाच्या निम्मी असेल, त्याने जागेला कधी भेटही दिली नसेल, पैसे ज्या खात्यावर गेले तिथून फिरून त्याच्याच माणसांकडे आले असतील, तर चित्र वेगळे. हे तपासात ठरू द्यायचे. बाईंच्या तक्रारीत ‘फोटोतील अनोळखी स्त्री, ओळख साक्षीदार म्हणून सह्या करणारे दोघे आणि त्यांचे साथीदार’ एवढेच होते. खरेदीदाराची भूमिका तपासावी, अशी एक ओळ होती. जे माहीत नाही ते ठामपणे लिहिले तर पुढे उलटतपासणीत तेच आपल्याला अडवते.

पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही तर काय? गुन्हा दखलपात्र असल्याचे दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आहे. त्यातही कौटुंबिक, व्यापारी वाद किंवा फार उशिरा आलेली तक्रार अशा काही प्रकारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूद आली, पण ती तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला बनावट दस्त त्यात बसत नाही. प्रत्यक्षात मात्र होते असे की तक्रार ‘अर्ज’ म्हणून आवकला घेतली जाते, शिक्का मिळतो आणि अर्ज चौकशीवर महिनोन्महिने पडून राहतो. आवकच्या शिक्क्यालाच लोक गुन्हा नोंदला गेला असे समजतात. गुन्हा नोंदला गेला असेल तर गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते. ती मिळाली नसेल तर गुन्हा नोंदलेला नाही.

मग संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवायची, तीही पोस्टाने आणि पोच सांभाळून. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली अर्ज करायचा. हा अर्ज शपथपत्रासह द्यावा लागतो, आणि आधीच्या दोन पायऱ्या चढल्याचा पुरावा त्याला जोडावा लागतो. पोच सांभाळायची ती यासाठी. दंडाधिकाऱ्यांचा आदेश झाला की पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करावाच लागतो. रक्कम मोठी असेल तर तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकतो.

बाईंचा गुन्हा अधीक्षक कार्यालयात पत्र गेल्यानंतर नोंदला गेला. आता तपासात काय व्हायला हवे, ते फिर्यादीला ठाऊक असलेले बरे. तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर अशी डझनभर प्रकरणे असतात.

पहिली गोष्ट मूळ दस्त. नोंदणीनंतर मूळ खरेदीखत खरेदीदाराकडे परत जाते आणि कार्यालयात स्कॅन प्रत उरते. हस्ताक्षर तज्ज्ञाला मूळ कागदच लागतो. शाईचा दाब, पेन कुठे थबकले, रेघ कशी वळली, हे झेरॉक्सवर दिसत नाही. म्हणून पोलिसांनी मूळ दस्त खरेदीदाराकडून पंचनामा करून जप्त केला पाहिजे. तो हरवला असे उत्तर आले तर तेही नोंदवून ठेवले पाहिजे. तज्ज्ञाचे म्हणणे हे मत असते, एकट्या त्यावर न्यायालय सहसा विसंबत नाही. अंगठ्याच्या ठशाचे तसे नसते. संशयित स्त्री सापडली आणि तिचा अंगठा जुळला तर तिला बोलायला जागा उरत नाही. आणि बाईंचा अंगठा जुळत नाही हे तर पहिल्याच आठवड्यात सिद्ध होऊ शकते.

दुसरी गोष्ट माग. नोंदणीपूर्वी दस्ताची माहिती संगणकावर भरली जाते आणि त्यासाठी कुणाचा तरी मोबाइल क्रमांक लागतो. मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरले तर ते कुणाच्या खात्यातून गेले हे कळते. दोन ओळख साक्षीदार तर नावपत्त्यासह समोरच असतात. असे साक्षीदार अनेकदा कार्यालयाच्या आवारात दिवसाला पाचशे-हजार रुपयांवर सह्या करणारे निघतात, पण त्यांना कुणी बोलावले हे ते सांगू शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसा. बाईंच्या नावाने दुसऱ्याच गावातल्या एका शाखेत दस्ताच्या वीस दिवस आधी खाते उघडले होते. एकोणपन्नास लाख तिथे जमा झाले आणि दोन दिवसांत चार खात्यांत पांगले. खाते उघडताना दिलेला फोटो, मोबाइल, खाते उघडण्याची ओळख देणारा, पैसे ज्या खात्यांत गेले त्यांचे मालक, ही साखळी पोलीस बँकेकडून मिळवू शकतात आणि त्या खात्यांत जे शिल्लक असेल ते गोठवू शकतात. गुन्ह्यातून घेतलेली मालमत्ता जप्त करण्यासाठी नव्या संहितेत कलम 107 आहे. त्यातून परत मिळणारा पैसा मात्र खरेदीदाराचा, बाईंचा नव्हे. बाईंचे पैसे गेलेलेच नाहीत.

कार्यालयातले आणि बँकेतले सीसीटीव्ही चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते. उशिरा कळलेल्या प्रकरणात ते गेलेलेच असते. पण एक-दोन महिन्यांत कळले असेल तर गुन्हा नोंदण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दोन्हीकडे ‘चित्रण जतन करावे’ असे लेखी पत्र द्यावे.

ती तोतया स्त्री सापडणे किती महत्त्वाचे आहे, हे 2018 च्या एका निकालातून दिसते. शीला सेबॅस्टियन यांच्या प्रकरणात तोतया उभा करून कुलमुखत्यारपत्र बनवले गेले होते. ज्याला त्याचा लाभ झाला तो आरोपी समोर होता, पण तोतया कोण ते तपासात पुढे आलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बनावट दस्ताचा गुन्हा तो दस्त बनवणाऱ्यावर लागतो, आणि आरोपीने तो बनवला हे सिद्ध झालेले नाही. आरोपी सुटला. न्यायालयाने ढिल्या तपासावर नाराजीही नोंदवली. म्हणून नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवण्याची जी तरतूद आता आहे, तिचा आधार घेऊन बाईंनी लेखी विचारत राहायला हवे. फोटोतल्या स्त्रीचा शोध कुठवर आला? साक्षीदारांचे जबाब झाले का? मूळ दस्त जप्त झाला का? तीनच प्रश्न, पण दर वेळी तारखेसह.

तपास दोषारोपपत्रापर्यंत पोहोचला नाही तर महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’ अहवाल देतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला आहे, पण आरोपी सापडत नाही. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. जमिनीच्या तक्रारी ‘क’ मध्ये गुंडाळल्या जातात, हे सर्वांना माहीत आहे. पण समरी मंजूर करायचा अधिकार पोलिसांना नसतो, तो दंडाधिकाऱ्यांना असतो, आणि मंजुरीआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकावे लागते. ती नोटीस आली की गप्प बसायचे नाही. निषेध अर्ज करून कोणता तपास राहिला ते मुद्द्यानिशी मांडायचे. दंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात.

आता जमिनीचे काय? गुन्ह्यात शिक्षा झाली म्हणून सातबारा आपोआप सरळ होत नाही, आणि त्यासाठी फौजदारी निकालाची वाट पाहणे ही मोठी चूक असते. बनावट सहीच्या दस्ताने मालकी मुळातच जात नाही, मग पुढचा खरेदीदार कितीही प्रामाणिक असो. पण कागदावर तो दस्त उभा असतो आणि त्यावरून पुढचे दस्त होत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने सत्यपाल आनंद प्रकरणात 2016 मध्ये सांगितल्याप्रमाणे एकदा नोंदलेला दस्त निबंधकाला आपणहून रद्द करता येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. बाई त्या दस्तावर सही करणाऱ्या नाहीत, म्हणून त्या ‘दस्त रद्द करा’ असे मागत नाहीत. ‘हा दस्त बनावट असून माझ्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करा’ अशी घोषणा त्या मागतात, आणि सोबत मनाई हुकूम. ताबा गेला असेल तर तोही त्याच दाव्यात मागावा लागतो. प्रकरण कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करणे सुरक्षित. बाईंच्या हातात आयकराचे विवरण होते, त्यामुळे ‘कधी कळले’ याचा पुरावा आपोआप मिळाला.

दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात एक काम करायचे असते, आणि ते बहुतेकांकडून राहून जाते. इतर अनेक राज्यांत दावा चालू असताना झालेली विक्री आपोआप दाव्याच्या निकालाला बांधील असते. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मध्ये बदल केलेला आहे. इथे त्या संरक्षणासाठी दाव्याची नोटीस, म्हणजे ‘लिस पेंडन्स’, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली की पुढचा कुणीही शोध घेईल तेव्हा त्याला ती दिसते आणि प्लॉट पुन्हा विकला गेला तरी नवा खरेदीदार बांधला जातो. काही हजारांच्या खर्चात होणारे हे काम आहे. ते राहिले तर दावा जिंकून पुन्हा नव्या माणसावर दावा करायची वेळ येते.

महसूल खात्यात फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करता येते. मुदत साठ दिवसांची असते, उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. प्रांत मालकी ठरवत नाहीत. पण गुन्हा नोंद आणि दावा दाखल असल्याचे कागद जोडले तर नोंदीला स्थगिती मिळण्याची शक्यता असते. मुळात फेरफार मंजूर होण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस निघते. बाईंची नोटीस जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यावर गेली होती. ‘आपली चावडी’वर अशा प्रलंबित नोंदी ऑनलाइन दिसतात. त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत गेली असती तर नोंद तक्रारी फेरफारात गेली असती आणि मंजूर होण्याआधी तिच्यावर सुनावणी झाली असती.

गोव्यातली कथा थोडी वेगळी आहे. तिथे लबाडी नव्या दस्तात नसून जुन्या पुस्तकांत आढळली. परदेशी गेलेल्या किंवा वारस मागे न ठेवता वारलेल्या मालकांच्या जमिनींसाठी पोर्तुगीज काळातले वाटावेत असे दस्त बनवून ते जुन्या नोंदींत घुसवल्याचे आरोप झाले. जून 2022 मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले, आणि नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही नेमला. अशा ठिकाणी अंगठा आणि फोटो नसतो. तिथे शोधावे लागते ते पुस्तकाच्या बांधणीत, पान आणि सूची जुळते का यात, शाई आणि हस्ताक्षर आजूबाजूच्या पानांसारखे आहे का यात. परदेशात राहणाऱ्या गोवेकरांनी घरातले जुने इन्व्हेंटरीचे आणि सर्व्हेचे कागद म्हणूनच जपले पाहिजेत. पुढे तुलनेला तेच उपयोगी पडतात.

बाईंचा दिवाणी निकाल यायला काही वर्षे लागतील. तोपर्यंत त्यांनी प्लॉटला तारेचे कुंपण घातले आहे, नावाची पाटी लावली आहे आणि तारखेसह फोटो काढून ठेवले आहेत, कारण ताबा आपलाच आहे हे न्यायालयात दाखवावे लागते. निकाल बाजूने लागला की त्याची प्रत न्यायालय नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवते, आणि 2025 च्या त्या दस्ताच्या नोंदीवर शेरा मारला जातो. मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, हुकूमनाम्याची प्रत देऊन नवा फेरफार धरायचा. त्या फेरफाराचीही पंधरा दिवसांची नोटीस निघेल. या वेळी पत्ता नाशिकचा आणि आत्ताचा आहे, हे बाईंच्या मुलाने स्वतः जाऊन पाहिले आहे.